दादा निळा नव्हता

वहिनी आल्या तेव्हा मी दुपारचं जेवून आडवा झालो होतो. नेहरू नगरहून आनंद नगर म्हणजे भोपाळचं एक टोक ते दुसरं टोक, आणि वहिनी न कळवता येणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यात एकट्या, रिक्षानं. बायको शाळेत गेलेली होती. मी पंखा वाढवला, पाणी आणलं. त्यांनी पेला घेतला आणि तसाच हातात धरून बसल्या.

"भाऊजी, तुम्ही इतकी वर्षं मानसशास्त्र शिकवून राहिले. एक सांगा," त्या म्हणाल्या. "माणूस निळा असला, तर तो पहिल्यापासूनच निळा असतो ना?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला असता. या रंगांचं वेड मला कॉलेजात, नातेवाइकांत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे भेटत होतं. पण वहिनींचा चेहरा पाहून मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

निळ्याची हकीगत अशी. दादा सरकारी खात्यात इंजिनिअर. आदल्या हिवाळ्यात खात्यानं वरच्या अधिकाऱ्यांसाठी तलावाकाठच्या एका हॉटेलात शिबिर भरवलं. तिथं सूट घातलेल्या एका प्रशिक्षकानं सगळ्यांकडून प्रश्न सोडवून घेतले आणि प्रत्येकाला एकेक रंग वाटला. लाल म्हणजे हुकूम सोडणारा, पिवळा म्हणजे हसराबोलका, हिरवा म्हणजे माया लावणारा, आणि निळा म्हणजे कोरडा, हिशेबी, भावनांच्या वाटेला न जाणारा. दादा निळा निघाला. छातीवर लावायचा निळा बिल्ला घेऊन तो घरी आला आणि तो बिल्ला शोकेसमध्ये बाहुल्यांच्या शेजारी जाऊन बसला. पुढं घरात काहीही झालं की वहिनी त्या बिल्ल्याकडे बोट दाखवायच्या. वहिनींची आजारी मावशी भेटायला आली आणि दादा टीव्हीसमोरून हलला नाही, कारण तो निळा. मला फोन करणं त्यानं सोडलं, कारण तो निळा. मी फोनवर विचारलं, की वहिनी म्हणायच्या, "नाराज नका होऊ, त्यांचा टाइपच तसा आहे." वहिनींच्या माहेरी तर त्याचा संबंध थेट पत्रिकेशी लागला. लग्नाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतंच म्हणे, की मुलाचा राक्षसगण आहे.

"वहिनी, हे रंग म्हणजे शुद्ध थोतांड आहे," मी म्हणालो.

"ते मला नका सांगू. पहिल्यापासून असतो की नाही, तेवढं सांगा."

"का?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "मी नागपूरला जाते आहे, भावाकडे. परत यायचं नाही, असं ठरवलंय. पण जायच्या आधी मला एवढं समजलं पाहिजे, की मी इतकी वर्षं कुणाबरोबर राहिले. हे मुळातच असे असतील, तर आधीचं सगळं काय होतं? नाटक होतं? की मीच मूर्ख, मला दिसलं नाही?"

मग त्यांनी जे मला कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. उन्हाळ्यात त्यांची आई गेली. नागपूरला तिचा देह घरी आणला तेव्हा वहिनी दारातच खाली बसल्या. दादा त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात गेला, फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा काढला आणि उभ्यानं खाऊ लागला. बायका बघत होत्या. तेराव्याला, सगळ्यांसमोर, त्यानं विचारलं, "आज गोड काय आहे?" वहिनी हे सांगताना रडल्या नाहीत. त्यांचं रडणं केव्हाच संपून गेलेलं दिसलं. मलाच रडू आलं, आणि ते लपवायला मी चहा टाकायला उठलो.

माझ्या दादाला मी ओळखत होतो. आमच्या वडिलांची बदली नागपूरहून इकडं झाली तेव्हा मी लहान होतो, आणि या शहरात मला शाळेत पोचवणारा, माझ्या वतीनं हिंदीत भांडणारा दादाच. कुणाच्याही मुलीची पाठवणी असो, हा माणूस रडायचा. वधूचा बाप कोरडा आणि हा रुमाल शोधतोय. ऑफिसातल्या शिपायाच्या बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्यात रात्री कोण बसलं, तर साहेब. त्याच्या या भोळेपणाची आम्ही इतकी टिंगल करायचो, की तो स्वतःच म्हणायचा, "चला, माझा नळ गळायला लागला." वहिनींचं आणि त्याचं लग्न ठरलं, तेव्हा वहिनींच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलगा फारच हळवा आहे का हो?"

चहा घेऊन आलो आणि मी मला येतं ते केलं, म्हणजे शिकवायला लागलो. बायको म्हणते तुमच्या अंगात मास्तर आहे, ते खोटं नाही.

"आमच्या वर्गात मी दर वर्षी एक गोष्ट करतो," मी वहिनींना सांगितलं. "सगळ्या पोरांना उंचीप्रमाणे भिंतीला उभं करतो. मग बरोबर मधोमध खडूची रेघ मारतो आणि सांगतो, इकडचे सगळे बुटके, तिकडचे सगळे उंच. रेघेच्या दोन बाजूंना जी दोन पोरं असतात त्यांच्यात बोटभराचाही फरक नसतो. पण एक बुटका ठरतो, एक उंच ठरतो. आणि रेघेला चिकटलेला तो बुटका आणि टोकाचा एवढासा बुटका, हे दोघं मात्र एकाच नावाखाली. सांगा, कुणाचं कुणाशी जास्त जुळतं?"

"उंचीचं मला समजलं," वहिनी म्हणाल्या. "स्वभावाचं सांगा."

"स्वभावाचंही तेच. माणसं खरंच दोन किंवा चार जातींची असती, तर मोजल्यावर वेगवेगळे ढीग दिसले असते. हजारोंना मोजून पाहिलं, तरी ढीग एकच दिसतो, मधे फुगलेला. बहुतेक माणसं मधेच असतात. तिथं रेघ मारली, की आज इकडं पडलेला माणूस पुढच्या महिन्यात तिकडं पडतो. तो बदललेला नसतो. झोप कमी झालेली असते, नाहीतर एखादा प्रश्न वेगळा वाटलेला असतो. म्हणून आमचे संशोधन करणारे लोक रंग वाटत नाहीत. ते विचारतात किती. कितपत बोलका, कितपत मायाळू, कितपत नेटका, किती लवकर घाबरणारा, नव्याची किती ओढ. प्रत्येकाचं माप वेगळं, आणि ते माप बाकीच्या लोकांच्या तुलनेत."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "मग यांचं माप निळं नाही, पण कमी मायाळू. तेच झालं ना?"

मला उत्तर माहीत होतं, वर्गात मी ते दर वर्षी देत आलो होतो, आणि तरी ते माझ्या दादाला लागू करून पाहायचं माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. एका दिवसाच्या वागण्यावरून माप ठरत नाही. चिडका माणूसही एखाद्या दिवशी गोड वागतो. गुण म्हणजे पुष्कळ दिवसांची, पुष्कळ प्रसंगांची सरासरी. माणूस सहसा कसा वागतो, त्याला सहसा काय वाटतं, एवढंच. आणि ही सरासरी बदलते कशी? हळू. वयाप्रमाणे सरकते, बहुतेक लोक पन्नाशीपर्यंत थोडे जास्त नेटके, थोडे जास्त सांभाळून घेणारे होतात. माणसं मोठी होतात, तशी. पण सगळं आयुष्य लग्नात रडणारा माणूस वर्षा-दोन वर्षांत सासूच्या मरणाला श्रीखंड खायला लागला, तर त्याला सरकणं म्हणत नाहीत.

"वहिनी," मी म्हणालो, "रंगाचा सगळ्यात मोठा तोटा काय माहीत आहे? दादा का रडत नाही? तो निळा आहे म्हणून. तो निळा आहे हे कशावरून? तो रडत नाही म्हणून. झालं, विचारणं संपलं. माप घेतलं की निदान असं दिसतं, की काल एवढं होतं, आज एवढं आहे. मग विचारता येतं, का. माप स्वतः कारण सांगत नाही. थर्मामीटर ताप का आला ते सांगत नाही. पण ताप आहे हे सांगतो."

"ताप," वहिनी म्हणाल्या. तेवढाच शब्द त्यांनी उचलला.

मी म्हणालो की मी डॉक्टर नाही, माझ्या ओळखीत आहेत, एकदा दाखवू. नागपूर तेवढं थांबवा. त्या म्हणाल्या तिकिटं काढलेली आहेत. मग म्हणाल्या, बदलून घेते.

दवाखान्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी मनोविकार विभागात काम करते. मी कधीकाळी तिला मोजमाप शिकवलं, आणि आता तिची समज माझ्यापेक्षा कितीतरी पुढं गेलेली आहे. मेंदूच्या डॉक्टरांनी दादाला तपासून स्कॅन लिहून दिला आणि सोबत तिच्याकडे पाठवलं. तिनं दादाच्या पुष्कळ परीक्षा घेतल्या, शब्द आठवायच्या, चित्रांतल्या चेहऱ्यांवर काय भाव आहे ते ओळखायच्या. शब्द दादानं छान आठवले. भेदरलेल्या बाईचा फोटो पाहून म्हणाला, "ठीकठाक आहे. फोटो काढून घेतेय."

स्वभावाचं माप घेताना तिनं एक गोष्ट मुद्दाम केली. वहिनींना, मला आणि दादाच्या ऑफिसातल्या त्याच्या जुन्या मित्राला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. तीच ती वाक्यं प्रत्येकानं दोनदा वाचायची होती. आधी दादा काही वर्षांपूर्वी जसा होता तसा आठवून, आणि मग आत्ताच्या दादाबद्दल. वाक्यं साधी होती. इतरांच्या अडचणीत धावून जातो. ठरवलेलं काम पुरं करतो. अनोळखी माणसाशी सहज बोलतो. प्रत्येकापुढं "अजिबात नाही" पासून "अगदी बरोबर" पर्यंत पायऱ्या.

"एकट्याच्या आठवणीवर विश्वास टाकायचा नसतो," ती मला म्हणाली, जणू मला माहीतच नव्हतं. "माणूस आजारी पडला की घरच्यांना जुनं सगळं गोड आठवतं. पण तिघांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितलं, तर मग ते नुसतं गोड आठवणं नसतं."

ऑफिसातला तो मित्र भला माणूस. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच स्कूटरवर ऑफिस गाठलेलं. बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला, "भाईसाब, त्या शिबिरात मी ह्याच्या बाजूलाच बसलो होतो. दोघांनी सोबतच भरलं. हर एक सवालात दोनच रस्ते. निर्णय दिमाग से घेता की दिल से? अरे, आपण पूल बांधतो, पूल काय दिल से बांधणार? आम्ही दोघांनी दिमाग लिहिलं. शेवटी एका उत्तराचा फरक. मी हिरवा, हा निळा. घरी माझी बायको मला म्हणते, तुम्ही प्रेमळ आहात, सर्टिफिकेट मिळालंय."

तो हसला, पण त्याचं हसणं कुठंतरी अडकलं. मग तो म्हणाला की ऑफिसात काय चाललंय ते त्यानं भाभीजींना कधी सांगितलं नाही. दादा मीटिंगमधून मधेच उठून घरी जायला लागला होता. एका बाईंच्या लठ्ठपणाबद्दल त्यांच्या तोंडावर बोलला. दुसऱ्याच्या डब्यातली मिठाई उचलून खायचा. साहेब निळे आहेत, स्पष्टवक्ते आहेत, असं म्हणून लोकांनी सांभाळून घेतलं. मी त्याला रागावणार होतो, पण घरीही तेच झालं होतं.

दादानंही तीच वाक्यं स्वतःबद्दल वाचली. एकदाच, आत्ता आपण कसे आहोत त्याबद्दल. त्यानं ते निगुतीनं केलं, पेनाचं टोपण तोंडात धरून, पूर्वी टेंडरचे कागद तपासायचा तसं. मी काचेतून त्याला पाहत होतो. तोच कपाळ आक्रसायचा ढंग, तीच बोटं. काही वाक्यांवर तो थांबायचा, डोकं वाकडं करून विचार करायचा. तो माझा दादाच दिसत होता, आणि मला वाटलं आपण चुकलो, हे सगळं नसती उठाठेव आहे. आपल्याला हवं तेच आपण पाहतो, हेही मीच शिकवतो.

स्कॅनचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. मेंदूचा पुढचा भाग आक्रसत चालला आहे. हा एक प्रकारचा स्मृतिभ्रंशच, पण तो आठवणीपासून सुरू होत नाही. तो माणसाच्या माणुसकीपासून सुरू होतो. आधी दुसऱ्याचं दुःख जाणवायचं बंद होतं, तारतम्य जातं, गोडाची हाव सुटते, आवड-निवड, उत्साह सगळं आटतं. या वयात, साठीच्या आधी, हाच प्रकार जास्त दिसतो आणि त्याला लोक स्वभाव समजतात. यावर इलाज नाही. काळजी घेता येते, थांबवता येत नाही.

वहिनींनी विचारलं, "ह्यांना समजतं का?"

माझ्या विद्यार्थिनीनं उत्तर दिलं. तिनं टेबलावर एक आलेख ठेवला. तिघांच्या आठवणीतला जुना दादा आणि तिघांनी पाहिलेला आजचा दादा, अशा रेघा होत्या. जुन्या दादाच्या तीन रेघा एकमेकींवर जवळजवळ बसल्या होत्या. आजच्याही तीन रेघा एकमेकींवर बसल्या होत्या, पण कुठंतरी खाली. मायाळूपणा तर कागदाच्या तळाशी. मोजमापात जी चूक धरायची असते ती धरूनही हा फरक कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. एवढं मला तिनं सांगायच्या आधीच दिसलं. मी आयुष्यभर असे कागद पाहिले आहेत. या कागदाकडे मात्र मला धड पाहता येईना.

मग तिनं बोटानं आणखी एक रेघ दाखवली. "ही त्यांची स्वतःची. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं."

ती रेघ वर होती. जुन्या दादाच्या तीन रेघांबरोबर, त्यांच्यातच मिसळलेली.

"या आजारात असं होतं," ती हळू बोलत होती. "स्वतःकडे पाहायची नजर जाते. आपण बदललो हे त्यांना दिसतच नाही. विचारलं की ते पूर्वीचे स्वतः सांगतात. खोटं बोलत नाहीत, मनापासून सांगतात."

वहिनींनी तो कागद जवळ ओढला. "म्हणजे ते नाटक नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं," मी म्हणालो.

"आम्ही सगळे जसं म्हणतो तसेच होते."

"हो."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. मी त्यांची सगळी वर्षं त्यांना परत मिळवून दिली होती, असं मला वाटत होतं, आणि आतून थोडा मोठेपणाही वाटत होता, हे मास्तराचं शेवटपर्यंत जात नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर वहिनी भिंतीला टेकल्या आणि माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही माझा राग काढून घेतला. त्या रागाच्या जोरावर मी उभी होते. निळा माणूस सोडून जाता येतो. आजारी माणूस कसा सोडायचा? आणि कुणाजवळ राहायचं? ते तर गेले. कधी गेले तेसुद्धा मला समजलं नाही. मी त्यांच्यासाठी एकदासुद्धा रडले नाही, मी तर चिडून राहिले होते."

घरात माणूस जातो तेव्हा चार लोक येतात, कुणी डाळ-तांदूळ आणतं, कुणी खांद्यावर हात ठेवतं. दादा गेला तेव्हा आम्ही त्याला रंग देऊन मोकळे झालो आणि जेवायला वाढत राहिलो. मी त्या प्रशिक्षकाला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. पण आजार त्यानं दिला नव्हता. त्यानं एक नाव दिलं होतं, आणि त्या नावानं आम्हा सगळ्यांचं विचारणं बंद केलं. आधी समजलं असतं तरी इलाज नव्हताच, हे डॉक्टर सांगतात. त्यानं माझं समाधान होत नाही. आधी समजलं असतं तर त्या बाईनं आईच्या मरणाच्या दिवशी नवऱ्याचा द्वेष तरी केला नसता.

दादा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसला होता. विद्यार्थिनी त्याच्याशी काही बोलली, मग त्याचा तो भरलेला कागद हातात घेऊन वहिनींकडे आली. म्हणाली, "मी त्यांना विचारलं, तुमच्या मिसेसना दाखवू का. ते म्हणाले, दाखवा की, त्यात काय."

वहिनींनी कागद घेतला आणि वाचत वाचत दादापाशी जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागं उभा होतो. त्या एकेक वाक्य बोटानं सरकवत होत्या. एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांचा चेहरा पिळवटला, आणि आईच्या मरणापासून जे अडलेलं होतं ते सगळं एकदम आलं. त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. येणारे-जाणारे वळून पाहू लागले. दादा समोर नळावर पाणी पिणाऱ्या माणसाला बघत होता. त्यानं मान वळवली नाही.

"ऐका ना," वहिनी म्हणाल्या. "हे तुम्ही लिहिलंत? कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर मला राहवत नाही. आणि पुढे खूण केली, अगदी बरोबर."

दादानं कागदात डोकावून पाहिलं. मग वहिनींच्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावं तसं.

"हो, मीच लिहिलं," तो म्हणाला. "का? चुकलं का काही?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. दादाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते त्यांनी लावलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही असेच होता."